प्लास्टिक वेणीला, कापड डोक्याला

जून संपत आला की पुण्या-ठाण्यातल्या सिग्नलवर हेल्मेटखालून डोकावणारं प्लास्टिक दिसायला लागतं. कुणी अंघोळीची टोपी घातलेली असते, कुणी साडीच्या दुकानाची पिशवी कानांपर्यंत ओढून तिच्यावर हेल्मेट चढवलेलं असतं. हिशेब सरळ असतो. प्लास्टिकमधून पाणी जात नाही, म्हणजे केस कोरडे राहणार. प्रत्यक्षात ऑफिसात पोचून पिशवी काढली की मुळं ओलीच्या ओली. बाहेरून थेंबही आत गेलेला नसतो. ते पाणी आतलंच असतं, घामाचं.

डोक्याच्या त्वचेवर घामाच्या ग्रंथी भरपूर असतात आणि हेल्मेटच्या आत गरम होतंच. उन्हाळ्यात तो घाम हेल्मेटच्या फटींतून थोडाफार उडून तरी जातो. जुलैत बाहेरची हवाच वाफेने जड झालेली, त्यामुळे घाम मुळात सावकाश उडतो. त्यावर प्लास्टिकचं झाकण बसलं की त्याला जायला जागाच उरत नाही. पावसाला अडवायच्या नादात आपण घाम कोंडून घेतो. शिवाय गुळगुळीत प्लास्टिकवर हेल्मेट सरकतं, हा धोका वेगळाच.

पावसाळ्यातल्या केसांचा सगळा घोळ इथे सुरू होतो. आपण ‘केस’ म्हणून एकाच गोष्टीचा विचार करतो, पण त्या दोन आहेत. मुळाशी जिवंत त्वचा आहे. तिला घाम येतो, तेल सुटतं, तिच्यावर जंतू राहतात. तिथून पुढे निघालेला केसाचा धागा मात्र निर्जीव आहे. त्याला घाम येत नाही. तो तासभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला तरी त्याचं काही बिघडत नाही, फक्त आत जाताना तो कोरडा हवा. म्हणून प्लास्टिक वापरायचंच असेल तर ते वेणीला वापरावं. डोक्यावर पातळ कापड पुरे.

मुळं ओली राहिली तर होतं काय? आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मॅलासेझिया नावाची एक बुरशी कायम मुक्कामाला असते. त्वचेतून सुटणाऱ्या तेलावर ती जगते. ते तेल फोडताना तिच्याकडून ओलेइक आम्लासारखे पदार्थ तयार होतात, आणि ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाहीत त्यांना खाज सुटते, कोंडा होतो. ऊब, ओल आणि तेल या तीन गोष्टी तिच्या सोयीच्या. बंद हेल्मेटमधलं घामेजलेलं, तेल लावलेलं डोकं म्हणजे तिन्ही एकाच ठिकाणी. पावसाळ्यात कोंडा वाढल्याची तक्रार करणारे बरेच जण पावसाच्या पाण्याला नावं ठेवतात, आणि डोक्यावर तास-दोन तास बसून राहिलेली ओल हिशेबातच धरत नाहीत.

आता एक खरा प्रवास घेऊ. माझी भाची कात्रजला राहते आणि तिचं ऑफिस शिवाजीनगरला. स्कूटरवरून पावसात तास-पाऊण तास. कंबरेपर्यंत दाट, कुरळ्याकडे झुकणारे केस. गेल्या पावसाळ्यात तिने आपली रीत बदलली आणि ती मी जवळून पाहिली, म्हणून तिचाच दिवस सांगते.

पहिला बदल आदल्या संध्याकाळचा. ती केस सकाळी धुवायची. इतके दाट केस जुलैच्या हवेत नुसत्या पंख्याखाली वाळायला चार-पाच तास सहज घेतात. ती निघायची दीड तासात. म्हणजे घरातून बाहेर पडतानाच डोकं ओलं, आणि पावसाचा अजून थेंबही पडलेला नाही. आता ती संध्याकाळी घरी आल्या आल्या केस धुते. आधी जुना सुती पंचा गुंडाळून पाणी टिपून घेते, पंचाने झटकत-चोळत बसत नाही, कारण ओला केस ताणला की सहज तुटतो. मग डोकं पुढे झुकवून मानेकडून पंख्याचा वारा घेते. वारा आधी मुळांना मिळाला पाहिजे, टोकं मागाहून आपोआप वाळतात. बहुतेक जणी उलटं करतात. वरवर दिसणारे केस सुकले की झालं असं समजून वेणी घालतात, आणि आतला थर रात्रभर ओला राहतो.

आतला थर वाळला की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. बोटांची मागची बाजू, म्हणजे नखांकडची, केसांत घालून तीन जागी त्वचेला टेकवायची: मानेवर, कानामागे आणि टाळूवर. गार लागलं तर तिथे अजून पाणी उडतंय, म्हणजे ओल आहे. मानेची जागा सगळ्यांत शेवटी वाळते. खात्री वाटत नसेल तर कागदी रुमाल तिथे दाबून पाहावा. तो डागाळला तर वेणी घालायची वेळ झालेली नाही.

आमच्या आजीच्या वेळी पावसाळ्यात न्हाल्यावर केसांना शेगडीवरची धुरी द्यायचे. ऊद-धुपाच्या सुगंधाचं कौतुक सगळ्यांना होतं, पण खरं काम करायची ती निखाऱ्यांची कोरडी ऊब. आज तेच काम ड्रायर करतो. सकाळीच न्हायचं असेल, आणि श्रावणात सणवाराला ते टळत नाही, तर ड्रायर मध्यम किंवा गार हवेवर ठेवून डोक्यापासून वीतभर लांब धरावा आणि फक्त मुळांवर फिरवावा. लांबी अर्धवट ओली राहिली तर चालेल.

तेलाचं काय? इथे घरोघरी वाद आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर. २००३ साली रेले आणि मोहिले या मुंबईतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची त्यांनी तुलना केली. धुण्याआधी खोबरेल लावलं तर केसातलं प्रथिन कमी झिजतं, असं त्यात दिसलं. बाकी दोन तेलांना ते जमलं नाही. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हे लक्षात ठेवायला हवं, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो आणि धुताना केस पाणी पिऊन कमी फुगतो. हा फायदा धाग्याचा आहे, त्वचेचा नाही. म्हणून पावसाळ्यात खोबरेल धुण्याआधी तासभर, कानाच्या खालच्या लांबीला लावावं. मुळांशी चोळून त्यावर हेल्मेट घालणं म्हणजे त्या बुरशीला घरपोच डबा.

आता सकाळ. भाचीने आधी अंबाडा घालून पाहिला होता. अंबाडा हेल्मेटला मागून वर ढकलतो, हेल्मेट कपाळावर उतरतं आणि पट्टा लावूनही हलत राहतं. डोक्यावर नीट बसलेल्या हेल्मेटची खूण अशी की ते हाताने हलवलं तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट नुसतंच फिरलं तर आतला अंबाडा, पोनी किंवा जाड स्कार्फ आधी काढायला हवा. केसांसाठी हेल्मेटशी तडजोड करायची नाही, ही गोष्ट बोलायलाही नको. म्हणून आता ती मानेच्या खाली, हेल्मेटची कड संपते तिथून सुरू होणारी सैल वेणी घालते. मुळांशी ओढ नाही आणि डोक्यावर फुगवटाही नाही.

डोक्यावर पातळ सुती टोपी, हेल्मेटच्या आत घालायची मिळते ती. तिची कड हेल्मेटच्या कडेच्या आत राहिली पाहिजे. पुण्यात चेहरा-डोकं गुंडाळणारा स्कार्फ उन्हाळ्यात उत्तम, पण पावसात त्याची टोकं हेल्मेटबाहेर लोंबतात, भिजतात आणि समईच्या वातीने तेल चढावं तसं पाणी चढत चढत मुळांपर्यंत पोचतं. टोप्या ती दोन ठेवते, एक जायला आणि एक यायला. सकाळची ओलसर टोपी संध्याकाळी पुन्हा घालणं हे सगळ्या खटाटोपावर पाणी टाकण्यासारखं आहे.

वेणीची लांबी ती झिपच्या लांबट पाऊचमध्ये घालते, वरचं तोंड सैल रबराने बांधते आणि वेणी रेनकोटच्या आत पाठीवर सोडते. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने दुकानाची पातळ पिशवी शोधण्यापेक्षा धुऊन पुन्हा वापरता येणारं पाऊच बरं. नुसती वेणी रेनकोटच्या आत सोडली तर पाऊस लागत नाही, पण अंगाच्या घामाची वाफ तिला लागतेच. पाऊच असतं ते त्या वाफेसाठी.

राहिली रेनकोटची टोपी. ती हेल्मेटच्या आत घातली तर पुन्हा तेच प्लास्टिक डोक्याला. हेल्मेटवरून ओढली तर मान वळवताना बाजूचं दिसत नाही. आणि नुसती मागे सोडून दिली तर ती पावसात ओंजळीसारखी भरत जाते, आणि सिग्नलला मान मागे केली की ते सगळं पाणी एकदम मानेवर येतं. टोपी बटणांची असेल तर काढून ठेवावी, शिवलेली असेल तर गुंडाळून कॉलरच्या आत दाबावी. कॉलर हेल्मेटच्या कडेच्या आत जायला हवी. हेल्मेटवरून ओघळणारं पाणी मग कॉलरच्या बाहेरून खाली जातं. मानेवरचे केस भिजतात ते बहुधा या एका फटीमुळे.

इतकं करूनही मुळं थोडी दमट होतातच. पाऊण तास हेल्मेट घातलेलं डोकं पूर्ण कोरडं राहील असा उपाय जगात नाही. त्यामुळे खरी कसोटी पोचल्यानंतरच्या दहा मिनिटांची. हेल्मेट आणि टोपी काढायची, वेणी सोडायची आणि बोटं मुळांशी घालून केस त्वचेपासून उचलायचे. भाचीच्या ऑफिसच्या स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र आहे. ती त्याखाली मान वाकवून उभी राहते. पहिल्या आठवड्यात सगळे बघायचे, आता रांग लागते. यंत्र नसेल तर कोरड्या सुती रुमालाने मुळं टिपून केस पंख्याखाली मोकळे ठेवायचे. दमट केस लगेच क्लचरमध्ये अडकवले की मधला भाग दुपारपर्यंत तसाच राहतो.

आता आकाराचं बोलू, कारण बहुतेकांना काळजी त्याचीच असते. केसातल्या केराटिन या प्रथिनाचे धागे एकमेकांना वेगवेगळ्या बंधांनी धरून असतात. त्यातले हायड्रोजन बंध सगळ्यांत कच्चे. पाणी लागलं की सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा बांधले जातात. इस्त्रीने किंवा ड्रायरने सरळ केलेले केस दमट हवेत पुन्हा कुरळे होतात ते यामुळेच. त्यासाठी पाऊसही लागत नाही, हवेतली वाफ पुरते. पार्लरमधलं रीबाँडिंग टिकतं, कारण त्यात रसायनाने पक्के बंध तोडून नव्याने जोडलेले असतात. घरच्या इस्त्रीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. जुलैत सकाळी अर्धा तास इस्त्री करून स्कूटरवर बसणं हा वेळेचा आणि केसांचा शुद्ध अपव्यय आहे.

हेल्मेटमुळे केस डोक्याला चापून बसतात त्याचं कारणही हेच. घामाने दमट झालेले केस हेल्मेटच्या आत दाबलेल्या अवस्थेत वाळतात आणि तोच आकार धरतात. नुसता कंगवा फिरवून ते उठत नाहीत, कारण बंध आता त्या आकारात बसलेले असतात. ते पुन्हा सोडवावे लागतात. बोटांची टोकं पाण्यात बुडवून झटकायची, पुढच्या बटा आणि भांगाची जागा जेमतेम ओलावायची, भांग दुसऱ्या बाजूला पाडायचा आणि त्या अवस्थेत दोन मिनिटं वाळू द्यायचं. पुढे कापलेली झालर असेल तर ती रोलरवर गुंडाळून डबा फ्रिजमध्ये ठेवून येईपर्यंत तशीच ठेवायची. पाणी लांबीला लावायचं, त्वचेला नाही.

सिलिकॉनचं सीरम दोन-तीन थेंब टोकांना लावलं तर वाफ केसात शिरायचा वेग कमी होतो आणि केस कमी पिंजारतात. ते वाफ थांबवत नाही, उशीर करतं, एवढंच. ग्लिसरीन असलेली मलमं आणि फवारे मात्र पावसाळ्यात बाजूला ठेवलेले बरे. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. थंडीत ते उपयोगी असतं, पण आषाढात त्यानेच केस फुगतात.

बसचा प्रवास सोपा वाटतो, कारण डोक्यावर छत असतं. पण तिथे माणसं एक ठरावीक चूक करतात. थांब्यावर डोक्यावर घेतलेली रेनकोटची टोपी किंवा ओढणी बसमध्ये चढल्यावरही तशीच राहते. खिडक्या बंद, माणसं खच्चून भरलेली, दारात छत्र्या निथळताहेत. त्या वाफेत डोकं झाकून उभं राहिलं तर स्कूटरवरच्या प्लास्टिकपेक्षा फार बरी अवस्था होत नाही. चढल्याबरोबर डोकं मोकळं करावं. थांब्यावर केस भिजलेच असतील तर ते मुळांशी रुमालाने टिपावेत आणि सैल बांधावेत. मोकळे सोडले तर लवकर वाळतील हे खरं, पण मागच्या माणसाच्या तोंडावर. वातानुकूलित बसमधली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी असते आणि तिथे मुळं लवकर वाळतात, जागा मिळाली तर. एसटीची खिडकीची जागा पावसात कुणी आग्रहाने देऊ केली, तर आधी वर छताकडे बघून घ्यावं.

या सगळ्यात ज्याच्याकडे कुणी पाहत नाही ते म्हणजे हेल्मेटचं अस्तर. ऑफिसखाली आरशाला कुलूप लावून हेल्मेट उलटं टांगून ठेवतात, मग ते पावसात वाटीसारखं भरतं. डिकीत ठेवलं तर ओल आत कोंडते आणि संध्याकाळपर्यंत वास सुटतो. तेच दमट, घाम-तेल मुरलेलं अस्तर मग पुन्हा डोक्यावर. हेल्मेट वर न्यावं, आतली बाजू वर करून पंख्याच्या वाटेत ठेवावं, फार भिजलं असेल तर आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि अर्ध्या तासाने बदलावेत. बऱ्याच हेल्मेटांचं अस्तर बटणांनी सुटतं. पावसाळ्यात ते आठवड्याला सौम्य साबणाने धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवावं. सुटत नसेल तर थोड्या शांपूचं पाणी लावलेल्या फडक्याने पुसून घ्यावं. हीटरपुढे किंवा इस्त्रीजवळ ठेवू नये, आतलं थर्मोकोल उष्णतेने खराब होतं आणि अपघातात धक्का झेलतं ते तेच.

काळजी घेऊनही काही डोकी कुरकुर करतातच. नुसता कोंडा आणि खाज असेल तर दोन टक्के कीटोकोनॅझोलचा शांपू औषधाच्या दुकानात मिळतो. तो आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावायचा असतो. गंमत अशी की लोक तो लावून लगेच धुऊन टाकतात. त्वचेवर तीन ते पाच मिनिटं राहिला नाही तर त्याचा उपयोग होत नाही. केसांवर, त्वचेपासून लांब, पांढरट मऊ दाणे चिकटलेले दिसले आणि ते ओढल्यावर सरकून निघाले तर ते उवांची लिख नसण्याची शक्यता मोठी. लिख केसाला घट्ट डकवलेली असते. हे दाणे पांढरा पिएड्रा नावाच्या बुरशीचे असू शकतात आणि केस ओलेच बांधून ठेवायची सवय असलेल्या लांब केसांच्या बायकांमध्ये तो आढळतो.

मानेवर पुवाच्या पुटकुळ्या, नाण्याएवढी केस गेलेली गोल जागा किंवा पिवळट चिकट खपल्या दिसल्या, किंवा शांपू महिनाभर वापरूनही खाज थांबली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. लहान मुलाच्या डोक्यावर अशी गोल जागा दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो आणि त्याला पोटात घ्यायचं औषध लागतं. दवाखान्यात जायच्या दिवशी केस धुऊ नका आणि तेलही लावू नका. खपल्या धुतल्या गेल्या की डॉक्टरांना पाहायला काही उरत नाही.